भट्टीत आपला माल असेल त्या दिवशी

गिअरबॉक्समधला एखादा पिनियन हातात घेतला, तर दाते स्वच्छ कापलेले दिसतात, मापे बरोबर येतात, आणि यंत्रावर पृष्ठभागाचा कडकपणा तपासला तर आकडा रॉकवेल ६०च्या आसपास निघतो. तरीही तो पिनियन चांगला आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पृष्ठभागाखाली तो कडक थर किती खोल गेला आहे, हे बाहेरून नेमके कळत नाही. ते पाहायचे तर पिनियन कापावा लागतो, आणि कापलेला पिनियन गाडीत बसत नाही. म्हणून लॉटमधला एखादा कापायचा आणि बाकीच्या शेकडोंसाठी भरवसा ठेवायचा तो भट्टीवर.

हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग या कामांना कारखान्यात ‘स्पेशल प्रोसेस’ म्हणतात ते यामुळेच. आयएसओ ९००१ या मानकाची अशा कामांसाठी वेगळी अट आहे: परिणाम नंतर तपासून पडताळता येत नसेल, तर प्रक्रियाच सक्षम असल्याचे सिद्ध करा, आणि ठरावीक काळाने पुन्हा सिद्ध करा. ग्राहक कंपनी पुरवठादाराकडे ऑडिटला जाते ती हे पाहायला. तिथे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे मात्र बरेचसे त्याआधी गेलेल्या एका पानाच्या निमंत्रणपत्रावर ठरते.

नेहमीचे पत्र दोन ओळींचे असते: ‘अमुक तारखेला गुणवत्ता ऑडिटसाठी येत आहोत. सर्व कागदपत्रे तयार ठेवावीत.’ असे पत्र गेले की पुरवठादार दहा-पंधरा फायली टेबलावर मांडतो, पाहुण्यांचा दिवस मीटिंग रूममध्ये जातो आणि भट्टीजवळ जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात दोष एकट्या पुरवठादाराचा नाही. काय पाहायचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. चाकणची एक कंपनी गिअरबॉक्स बनवते. तिचे पिनियन भोसरीच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला जातात. ड्रॉइंगवरची अट अशी आहे: पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल, कडक थराची खोली ०.७ ते १.० मिलिमीटर. गेल्या काही महिन्यांत दोन लॉटमध्ये खोली अगदी ०.७ला टेकून आली. लॉट नापास झाले नाहीत, पण एरवी ०.८५च्या आसपास येणारा आकडा खाली का आला, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून ऑडिट ठरले.

पत्रातला पहिला महत्त्वाचा भाग व्याप्तीचा. तो असा लिहिता येतो:

‘स.न.वि.वि. या भेटीत इनपुट पिनियनची कार्ब्युरायझिंगपासून टेम्परिंगपर्यंतची प्रक्रिया पाहिली जाईल. सील्ड क्वेंच फर्नेस क्र. २, तिच्यासोबतची टेम्परिंग भट्टी आणि आपली प्रयोगशाळा एवढ्यापुरतीच ही भेट आहे. माल आत येण्यापासून चलन निघेपर्यंतचे सर्व टप्पे पाहू. तपासणीचा आधार: आमचे ड्रॉइंग, मंजूर कंट्रोल प्लॅन आणि सीक्यूआय-९. आपले दर, हिशेब आणि इतर ग्राहकांची माहिती या भेटीत पाहिली जाणार नाही.’

यातल्या प्रत्येक वाक्याचा उपयोग आहे. भट्टीचा क्रमांक दिला नाही, तर पुरवठादार साहजिकच सर्वांत नवी भट्टी दाखवतो. आपला माल कदाचित जुन्या भट्टीतून येत असतो. तपासणी कशाच्या आधाराने होणार हे लिहिले नाही, तर ऑडिटरचे वैयक्तिक मत हाच निकष होऊन बसतो आणि पुढचे दोन दिवस वादात जातात. सीक्यूआय-९ ही वाहन उद्योगाने हीट ट्रीटमेंटसाठी मान्य केलेली तपासणी पद्धत आहे. तिच्या प्रश्नावलीनुसार पुरवठादाराने दरवर्षी स्वतःची तपासणी करायची असते. तिचे नाव पत्रात असले, की कोणते प्रश्न येणार हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असते.

शेवटचे वाक्य सर्वांत जास्त विसरले जाते. हीट ट्रीटमेंटचा कारखाना अनेकांचा माल करतो आणि त्यांत आपले स्पर्धकही असतात. भट्टीच्या लॉगबुकात सगळ्यांची नावे एकाखाली एक असतात. ती झाकण्याची मुभा आपण आपणहून दिली, तर पुरवठादार लॉगबुक निर्धास्तपणे समोर ठेवतो. नाहीतर तो त्यातून निवडक पाने उतरवून देतो, आणि ऑडिटमधला मुख्य पुरावाच हातून जातो.

दुसरा भाग तारखांचा. ज्या दिवशी भट्टीत आपला माल नाही, त्या दिवशी केलेले ऑडिट कागदांचेच राहते. आपला पिनियन सुमारे ९२५ अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वातावरणात चार तास राहतो, मग तेलात बुडतो, धुतला जातो आणि टेम्परिंगला जातो. भट्टी तापायचा वेळ धरला तर एका चार्जमध्ये जवळजवळ पूर्ण शिफ्ट जाते. ट्रेमध्ये माल कसा रचतात, दोन पिनियनांमध्ये तेल फिरायला जागा ठेवतात का, भट्टीतून तेलात जायला किती वेळ लागतो, हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे तर सकाळी भरणी सुरू होताना तिथे असावे लागते. शिफ्ट बदलताना एकाने दुसऱ्याला काय सांगितले, तेही पाहण्यासारखे असते. म्हणून दीड ते दोन दिवस मागावेत, आणि एकच तारीख लादण्याऐवजी दोन पर्याय द्यावेत. ‘यांपैकी ज्या दिवशी फर्नेस क्र. २ वर आमचा चार्ज लागेल तो दिवस कळवावा,’ एवढी ओळ पुरते.

दोन-तीन आठवडे आधी पत्र पाठवायचे ते याच कारणासाठी. त्या दिवशी चार्ज लागायचा तर कच्चे पिनियन आधी भोसरीत पोहोचायला हवेत, आणि ते पाठवण्याची जबाबदारी चाकणच्या कंपनीची आहे. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हेही धरून चालावे. महिनाअखेरची पाठवणीची घाई, खंडेनवमी आणि दिवाळीचे दिवस टाळावेत.

इथे एक शंका हमखास निघते. सांगून गेलो तर सगळे सजवून ठेवतील, मग काय दिसणार? फरशी धुता येते, फलक रंगवता येतात. पण तीन महिन्यांपूर्वीच्या रात्री भट्टीने काढलेला तापमानाचा आलेख सहजासहजी सजवता येत नाही. म्हणून पत्रात नोंदींचा प्रकार आणि कालावधी द्यायचा. कोणता लॉट तपासणार, हे मात्र त्या दिवशी तिथे गेल्यावरच सांगायचे.

तिसरा भाग कागदपत्रांचा. यांची दोन गटांत विभागणी केली की दोघांचे कष्ट निम्मे होतात. पहिला गट आठवडाभर आधी पाठवायचा: प्रक्रियेचा प्रवाहतक्ता, कंट्रोल प्लॅन आणि सीक्यूआय-९ची शेवटची स्व-तपासणी. हे वाचून गेले की तिथला वेळ वाचनात जात नाही. दुसरा गट जागेवर तयार ठेवायचा: गेल्या सहा महिन्यांचे भट्टीचे आलेख आणि लॉगबुक, भट्टीच्या तापमान-समानतेचा अहवाल, थर्मोकपल, कंट्रोलर आणि कडकपणा मोजण्याच्या यंत्राचे कॅलिब्रेशन दाखले, क्वेंच तेलाचे चाचणी अहवाल, आणि नापास मालाची नोंदवही.

यातला तापमान-समानतेचा अहवाल सामान्य वाचकालाही समजावा असा आहे. भट्टीचा कंट्रोलर ९२५ दाखवतो तो एका जागचा आकडा. कोपऱ्यातला पिनियन त्याच तापमानाला आहे का? ते पाहण्यासाठी भट्टीच्या आत, आठ कोपऱ्यांत आणि मध्यभागी, साधारणतः नऊ थर्मोकपल लावून सगळीकडचे तापमान एकदम नोंदवतात. एखादा कोपरा सतत थंड राहत असेल, तर तिथल्या पिनियनचा कडक थर उथळच राहणार. ही चाचणी वर्षातून एकदा तरी आणि भट्टीची मोठी दुरुस्ती झाल्यावर पुन्हा व्हायला हवी. म्हणून अहवालासोबत दुरुस्तीची नोंदही पाहावी.

यादीखाली एक ओळ मी आवर्जून लिहीन: ‘नोंदी आहेत तशाच दाखवाव्यात, नव्याने लिहून काढू नयेत. एखादी नोंद नसेल तर नाही असे कळवावे, तो आपला दोष मानून पुढचे ऑडिट थांबवले जाणार नाही.’ लहान कारखान्यांत ऑडिटच्या आदल्या रात्री जागून वह्या पुन्हा लिहिल्या जातात. त्या ओळखू येतात. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेल्या असतात, कडकपणाचे आकडे ६०, ६०, ६० असे एकसारखे असतात, आणि सुट्टीच्या गुरुवारीही भट्टी चालल्याची नोंद सापडते. अशा वहीत खोटेपणापेक्षा मोठे नुकसान असते ते म्हणजे खरी माहिती पुसली गेल्याचे.

आपल्या उदाहरणात हेच महत्त्वाचे ठरते. ऑडिटर चाकणच्या स्टोअरमधून ०.७ला टेकलेल्या लॉटचा चलन क्रमांक घेऊन येतो. चलनावरून चार्ज क्रमांक आणि चार्जवरून त्या रात्रीचा आलेख मिळतो. आलेखात तापमानाची रेषा मध्येच खाली घसरलेली दिसते. लॉगबुकात ऑपरेटरने घाईच्या अक्षरांत लिहिलेले असते: ‘लाइट गेली.’ वीज गेल्यावर भट्टी थंडावली आणि परत तापायला वेळ लागला. पण चार तासांचा टायमर चालूच राहिला. सुमारे सव्वा तासात कार्बन आत गेलाच नाही म्हटले तरी चालेल. थराची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चार तासांत ०.८५ मिळत असेल, तर पावणेतीन तासांत ०.७च्या आसपासच मिळणार. दुसऱ्या लॉटच्या आलेखातही तशीच घसरण सापडते, आणि कोडे सुटते.

ऑपरेटरने काही लपवले नव्हते. वीज गेल्यावर किती वेळ वाढवायचा, हे कंट्रोल प्लॅनमध्येच नव्हते आणि त्याला कोणी सांगितलेही नव्हते. ‘लाइट गेली’ हे दोन शब्द नव्या वहीत उतरवताना गाळले गेले असते, तर ऑडिट शेरा न मिळता पार पडले असते आणि पुढच्या पावसाळ्यात एखादा लॉट ०.६५वर आला असता. म्हणूनच पत्रात भेटीला कोण हजर असावे, यात मालक आणि गुणवत्ताप्रमुखासोबत दोन्ही शिफ्टचे भट्टी ऑपरेटर लिहावेत. कारण सांगणारा माणूस बहुधा तोच असतो.

पत्राचा शेवट पुढच्या पावलांनी करावा: अहवाल आठवड्यात मिळेल, त्यावर तीस दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. इथे उत्तर सरळ आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की टायमर आपोआप थांबावा, आणि असा प्रत्येक चार्ज वेगळा ठेवून त्यातला एक पिनियन कापून पाहावा. हा बदल झाला की नाही, हे पाहायला पुन्हा दोन दिवसांचे ऑडिट लागत नाही. वीज गेलेल्या पुढच्या चार्जचा आलेख आणि कापलेल्या पिनियनचा अहवाल, एवढे दोन कागद मागवले की पुरते.