नवा शब्द प्रश्नात, उत्तर ओळखीचं

सहा वर्षांच्या मुलासाठी कोडं रचताना उत्तर त्याच्या रोजच्या पाहण्यातलं ठेवावं आणि नवा शब्द प्रश्नात पेरावा. बरेच पालक नेमकं उलट करतात. उत्तर 'उखळ' असेल, तर फ्लॅटमध्ये वाढलेलं मूल ते ओळखणार कसं? न पाहिलेली वस्तू सुचत नाही.

छत्रीवर हे कोडं रचून पाहिलं :

एकच पाय, पण चालत नाही;
पावसात उमलते, पण फूल नाही;
घरात येताच मिटून जाई.

मुलांच्या तोंडी छत्रीसाठी 'उघडणं' आणि 'बंद करणं' असतं. इथे 'उमलणं' आणि 'मिटणं' भेटतात. 'पण फूल नाही' या शब्दांमुळे उमलणं फुलाशी जोडलेलं आहे, एवढं मुलाला आपसूक कळतं. वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. विरुद्धार्थी जोडी असल्यामुळे दोन शब्द चालतात, एरवी एका कोड्यात एकच पुरे.

एखादं मूल 'अळंबी' म्हणेल. तीही एका पायावर पावसात उगवते! तेव्हा 'चूक' न म्हणता विचारावं, "ती घरात मिटते का गं?" उत्तर शोधायला मूल त्या शब्दाकडे पुन्हा वळतं. तिसरी ओळ नसती, तर मात्र अळंबी बरोबरच धरावी लागली असती.

शब्द रुजला का, हे लगेच विचारून कळत नाही. काही दिवसांनी डोळ्यांवर किंवा कमळावर कोडं रचायला सांगावं आणि 'मिटतात' आपणहून येतं का, ते ऐकावं.