थरथर कुठे ढकलायची?

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, पण ती आसावर अगदी नेमकी बसलेली नसते. त्यामुळे वाचणाऱ्या हेडखालचा माहितीचा पट्टा सेकंदाला १२० वेळा आतबाहेर सरकतो. त्याच्यामागे हेडचा दांडा हलवते एक कॉइल, आणि तिच्यात किती करंट सोडायचा हे नियंत्रक K ठरवतो.

नियंत्रकामुळे मूळ हेलकाव्याचा किती हिस्सा उरतो, हे सांगते संवेदनशीलता, म्हणजे S. ती प्रत्येक वारंवारतेला वेगळी असते. १२० हर्ट्झला S = ०.१ असेल, तर दहावा हिस्सा उरतो. मग सगळीकडेच S लहान का ठेवू नये? कारण हेंड्रिक बोडे यांच्या १९४५च्या पुस्तकातला नियम आडवा येतो. एका पट्ट्यात S एकाच्या खाली ओढली, की दुसरीकडे ती एकाच्या वर चढणारच. गुंटर स्टाइन यांनी १९८९च्या व्याख्यानात याला मातीची उपमा दिली होती: उपसलेली माती कुठेतरी टाकावीच लागते.

कुठे, आणि ढीग किती उंच, हे ठरवायला भारफलनं असतात. पहिलं भारफलन S वर छत घालतं. आपल्या उदाहरणात १२० हर्ट्झला ०.१, मग चढत जाऊन सुमारे १,२०० हर्ट्झला एक, आणि पुढे कुठेही दोनच्या वर नाही. हा दोनचा आकडा हवेतला नाही. तो पाळला, तर यंत्रणेची वर्धनक्षमता अंदाजापेक्षा जवळजवळ दुप्पट निघाली तरी लूप बिथरत नाही.

एवढंच छत दिलं, तर नियंत्रक माती उच्च वारंवारतांवर लांबवर पसरून मोकळा होईल. पण समजा, ५,००० हर्ट्झच्या आसपास दांडा स्वतःच थरथरतो. नेमका किती हर्ट्झला, हे प्रत्येक नगात थोडं वेगळं. तिथे कॉइलला जोर लावणं म्हणजे अंधारात ढकलणं. म्हणून दुसरं छत नियंत्रणाच्या प्रयत्नावर, म्हणजे KS वर. खाली ते सैल असतं, वर आवळलेलं. करंट वाचतोच, शिवाय प्रतिमानात न आलेल्या कंपनापासूनही संरक्षण मिळतं. मला हा दुसरा फायदा मोठा वाटतो.

आता मातीला जागा उरते १,२०० ते साधारण ४,००० हर्ट्झच्या फटीत. संगणक दोन्ही छतं एकत्र धरून γ हा एक आकडा देतो. तो एकाच्या आत असेल, तर मागण्या जमल्या. समजा, १.४ आला. म्हणजे फट अपुरी आहे. तेव्हा १,२०० चा आकडा ९०० वर आणून पाहायचा. १२० हर्ट्झला आता ०.१३ हिस्सा उरेल.

γ एकाच्या आत असूनही डिस्क गुणगुणू शकते, कारण दुसरं छत प्रतिमानातली जेवढी चूक आपण धरली, तेवढ्यापुरतंच आखलेलं असतं. म्हणून बऱ्याच नगांचा वारंवारता प्रतिसाद मोजून, प्रतिमानाशी येणारा सर्वांत मोठा फरक त्या छतामागच्या भारफलनात मावतो का, हे आधी तपासावं लागतं.