‘अंगावर धावून आला’ म्हणजे किती पावले?

कारखान्यात सुपरवायझर आणि ऑपरेटर यांची बाचाबाची होते. पाळी संपते, डोके अजून तापलेलेच असते आणि त्याच अवस्थेत सुपरवायझर पर्सनल खात्यासाठी अहवाल लिहायला बसतो. पुढे कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, अंतर्गत चौकशी असे जे काही घडते, त्याचा पाया हा अर्ध्या पानाचा कागद असतो. नमुन्यादाखल असा एक अहवाल घेऊ. प्रसंग मी रचलेला आहे, पण त्यातली भाषा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत रोज लिहिली जाते.

‘काल सेकंड शिफ्टला दोन नंबरच्या प्रेसवरील ऑपरेटरने नेहमीप्रमाणे मुजोरी करून काम अडवले. त्याला समजावून सांगितले असता तो अंगावर धावून आला व अर्वाच्य शिवीगाळ केली. त्याच्या बेजबाबदारपणामुळे उत्पादनाचे नुकसान झाले. तरी कडक कारवाई व्हावी.’

वाचताना चित्र अगदी स्पष्ट वाटते. पण चौकशी अधिकाऱ्याच्या जागी बसून विचारा. काम किती वाजता थांबले? ऑपरेटरने काही कारण दिले का? कोणती शिवी दिली? हात लावला का? शेजारी कोण होते? एकाही प्रश्नाचे उत्तर या चार वाक्यांत नाही. ‘तू मुजोर आहेस’ या आरोपाला कामगाराने उत्तर तरी काय द्यायचे? ‘मी मुजोर नाही’, एवढेच. ‘तीन वाजून वीस मिनिटांनी तू अमुक शब्द उच्चारलास’ या आरोपाला मात्र त्याला उत्तर देता येते, साक्षीदार आणता येतो, लिहिणाऱ्याची उलटतपासणीही घेता येते. म्हणून तर आरोप नेमका असावा, अशी चौकशीत अपेक्षा असते.

आता शब्द एकेक करून बदलू. ‘नेहमीप्रमाणे’ आधी काढायचा. मागच्या घटनांची नोंद असेल तर त्यांच्या तारखा येतील, नसेल तर हा शब्द निराधार आहे. ‘मुजोरी’ हा निष्कर्ष आहे. तो ज्यावरून काढला ते वाक्य किंवा ती कृती तिथे लिहायची. ‘अंगावर धावून आला’ हा वाक्प्रचार आपल्याकडे इतका रुळला आहे, की जागेवरून तावातावाने उठण्यापासून खरोखर झडप घालण्यापर्यंत सगळ्याला तो चालतो. इथे पावले मोजावीत आणि दोघांतले अंतर लिहावे.

शिवीच्या बाबतीत बहुतेक सुशिक्षित माणसे उलट चूक करतात. अहवाल सभ्य दिसावा म्हणून ‘अर्वाच्य भाषा’ लिहून मोकळे होतात. तटस्थ लिहायचे म्हणजे सोवळे लिहायचे असे नव्हे. ऐकलेला शब्द जसाच्या तसा अवतरणचिन्हांत गेला पाहिजे, मग तो कितीही ओंगळ असो. कारण तोंडात बसलेली शिवी, माणसाला दिलेली धमकी आणि जातिवाचक अपमान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे परिणामही वेगळे. ‘अर्वाच्य’ म्हटले की तिन्ही एका पोत्यात जातात. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमाकांत मिश्र यांच्या खटल्यात, अनुचित बोलण्यावरून झालेली बडतर्फी ही अवाजवी कठोर शिक्षा ठरवली आणि तिच्याऐवजी दोन वेतनवाढी रोखल्या. शिक्षा बोलण्याच्या तोलाची हवी, आणि तो तोल पाहायचा तर नेमके शब्द समोर लागतात.

या अहवालातला सर्वांत पक्षपाती शब्द मात्र शिव्यांच्या आसपास नाहीच. तो आहे ‘समजावून सांगितले’. दुसऱ्याला नावे ठेवणारे शब्द चटकन डोळ्यांत भरतात, स्वतःला चांगले म्हणणारे निसटून जातात. ‘शांतपणे विचारले’, ‘विनंती केली’, ‘समज दिली’ हे सगळे त्याच माळेतले. लिहिणाऱ्याने स्वतःचे बोलणेही अवतरणचिन्हांतच द्यायला हवे. हे फार जड जाते, पण अर्धे भांडण तिथेच दडलेले असते.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. ऑपरेटर ‘तो’ आणि ‘आला’, सुपरवायझर मात्र ‘साहेबांनी सांगितले’. एकेरी आणि आदरार्थी यांतला हा फरक वाचणाऱ्याच्या मनात आधीच निकाल लावून टाकतो. दोघांनाही ‘ते’ म्हणावे. तसेच ‘धक्का दिला’ आणि ‘धक्का लागला’ यांचे. पहिल्यात हेतू गृहीत धरला जातो, दुसऱ्यात तो पुसला जातो. हेतू माहीत नसेल तर ‘त्यांचा उजवा हात माझ्या खांद्याला लागला, मी एक पाऊल मागे गेलो’ असे शरीराच्या हालचालीचे वर्णन करावे. शब्दाला चिकटणारे ‘च’ आणि ‘ही’ सुद्धा तपासून घ्यावेत. ‘त्यांनी उत्तर दिले नाही’ ही नोंद आहे, ‘त्यांनी साधे उत्तरही दिले नाही’ ही तक्रार.

लिहिणाऱ्याने भावना लिहूच नयेत असे नाही. ‘मला भीती वाटली म्हणून मी मागे सरलो’ हे चालते, कारण ती त्याची स्वतःची अवस्था आहे आणि तिच्याबद्दल तो साक्ष देऊ शकतो. ‘त्यांचा मला घाबरवण्याचा बेत होता’ हे चालत नाही. आणि ‘कडक कारवाई व्हावी’ ही शेवटची ओळ काढूनच टाकावी. जो तक्रारदार, त्यानेच शिक्षा सुचवली तर त्याच्या आधीच्या प्रत्येक वाक्यावर संशय येतो.

या कसोट्या लावून तोच अहवाल पुन्हा लिहिला, तर तो असा होतो.

‘दि. १२ रोजी दुपारी ३.२० वाजता मी दोन नंबरच्या प्रेसजवळ गेलो. मशीन बंद होते. मी म्हणालो, “मशीन का थांबवलं? आधी चालू कर.” ऑपरेटर म्हणाले, “सेफ्टी सेन्सर लागत नाही. हात गेला तर कोण भरून देणार?” मी म्हणालो, “मागच्या पाळीत चाललं, तुलाच बरे दिसतात सेन्सर.” ते स्टुलावरून उठून माझ्या दिशेने दोन पावले आले. आमच्यात साधारण एक हात अंतर होते. त्यांनी मला आईवरून शिवी दिली; तिचे शब्द सोबतच्या कागदावर जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यांनी मला स्पर्श केला नाही. तीन नंबरच्या प्रेसवरील दोघे पाहत होते. मी मेंटेनन्सला बोलावले. फिटर ३.३५ ला आले, मशीन ४.१० ला सुरू झाले.’

हा अहवाल लांबला, पण त्यात एक नवी गोष्ट आली. पहिल्या अहवालात सेन्सर कुठेच नव्हता. ‘काम अडवले’ या दोन शब्दांनी कारण गिळून टाकले होते. स्थायी आदेशांनुसार वरिष्ठांचा आदेश जाणूनबुजून मोडणे हे गैरवर्तन आहे, पण तो आदेश कायदेशीर आणि वाजवी असावा लागतो. हात चिरडू नये म्हणून बसवलेला सेन्सर बंद असताना प्रेस चालवण्याचा आदेश वाजवी होता का, हा प्रश्न आता चौकशीपुढे येतो. त्याचे उत्तर फिटरच्या जॉब कार्डावर सापडेल. ३.३५ ला त्याने सेन्सर दुरुस्त केला अशी नोंद तिथे असेल, तर आदेश मोडल्याचा आरोप टिकत नाही. शिवीचा आरोप टिकतो, आणि शब्द, वेळ व दोन साक्षीदार हाताशी असल्यामुळे तो आता सिद्धही करता येतो.