एकच 'अल्', साऱ्या साखळीला

'शिक्षकाचे पुस्तक' म्हणायला अरबीत 'चा-ची-चे' लागत नाही. दोन नामे नुसती शेजारी ठेवली जातात, आधी वस्तू आणि मग तिचा धनी. या जोडणीला 'इदाफा' म्हणतात. 'किताबु मुदर्रिसिन्' म्हणजे कुणा एका शिक्षकाचे पुस्तक. धन्याचे नाम षष्ठीत जाते, म्हणून 'मुदर्रिस'पुढे 'इ' आला. त्यामागचा 'न्' अनिश्चितपणाची खूण.

ठरावीक, ओळखीची वस्तू सांगायची तर एरवी नामाआधी 'अल्' लागतो: 'किताबुन्' एखादे पुस्तक, 'अल्-किताबु' ते पुस्तक. इदाफ्यात मात्र पहिल्या नामाला 'अल्'ही चालत नाही आणि 'न्'ही. ते निश्चित की अनिश्चित, हे धनी ठरवतो. 'किताबु-ल्-मुदर्रिसि' म्हटले की त्या शिक्षकाचे ते पुस्तक. 'अल्' एकदाच आला, पण दोन्ही नामे निश्चित झाली.

साखळी लांबली तरी नियम तोच. 'मिफ्ताहु बाबि बैति-ल्-मुदर्रिसि' म्हणजे शिक्षकाच्या घराच्या दाराची किल्ली. क्रम मराठीच्या नेमका उलटा. दार आणि घर ही मधली नामे दुहेरी भूमिकेत आहेत. मागच्या नामाचे धनी म्हणून ती षष्ठीत आहेत, आणि पुढच्याच्या मालकीची म्हणून 'अल्' व 'न्' दोन्हींना मुकली आहेत. शेवटचा 'अल्' काढून 'मुदर्रिसिन्' केले की किल्लीपर्यंत सगळेच अनिश्चित होते. महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणाऱ्या 'नूरुद्दीन' या नावातही हीच जोडणी आहे: 'नूरु' अधिक 'अल्-दीन', धर्माचा प्रकाश. 'द'पुढे 'अल्'मधला 'ल्' त्याच्यात विरघळतो आणि 'द्द' उरतो.

पहिले नाम वरकरणी उघडे असले तरी ते निश्चित झाले आहे, हे विशेषणावरून कळते. विशेषण नामामागून येते आणि निश्चितपणात नामाशी जुळते. 'शिक्षकाचे नवे पुस्तक' म्हणजे 'किताबु-ल्-मुदर्रिसि-ल्-जदीदु'. इथे 'नवे'ला 'अल्' लागलाच पाहिजे. विशेषण साखळीच्या मध्ये घुसवता येत नाही, शेवटीच ठेवावे लागते, आणि घोळ होतो तो तिथे. शेवटी 'जदीदि' असेल तर नवा ठरतो शिक्षक. हे ऱ्हस्व स्वर रोजच्या छपाईत लिहीतच नाहीत, त्यामुळे वाचकाला संदर्भावरच विसंबावे लागते. पुस्तकाऐवजी मुलगी असती तर 'जदीदा' या स्त्रीलिंगी रूपाने प्रश्न सुटला असता.

'त्या शिक्षकाचे एक पुस्तक', म्हणजे धनी निश्चित पण वस्तू अनिश्चित, हे मात्र साध्या इदाफ्यात बसत नाही. तिथे साखळी तोडून 'लि' हे अव्यय घ्यावे लागते: 'किताबुन् लि-ल्-मुदर्रिसि'.

एक जोडणी दिसते इदाफ्यासारखी, पण निश्चितपणा पुढे नेत नाही. 'रजुलुन् हसनु-ल्-वज्हि' म्हणजे देखण्या चेहऱ्याचा एक माणूस. 'हसन' विशेषण आहे. 'वज्ह'चा म्हणजे चेहऱ्याचा 'अल्' त्याला लाभत नाही. म्हणून 'तो माणूस' म्हणताना त्याला स्वतःचा 'अल्' घ्यावा लागतो: 'अर्-रजुलु-ल्-हसनु-ल्-वज्हि'. व्याकरणकार हिला खरा इदाफा मानत नाहीत.