कंपनीची सूत्रे कोणाकडे, कधीपर्यंत?

एखाद्या कंपनीचे आजवरचे मुख्य कार्यकारी अधिकारी कोण, हे सांगणारी यादी कुठेही मिळते. घोळ असतो तो तारखांचा. बातमीची तारीख, नेमणुकीची तारीख आणि सूत्रे हाती घेतल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि तयार यादीत त्यांची बेमालूम सरमिसळ झालेली असते.

पुण्यात 1981 मध्ये सुरू झालेल्या इन्फोसिसचेच पाहू. विशाल सिक्का यांचे नाव 12 जून 2014 रोजी जाहीर झाले. दोनच दिवसांनी ते पूर्णवेळ संचालक झाले, पण मुख्य अधिकारी झाले 1 ऑगस्टला. तोवर शिबुलालच त्या खुर्चीत होते. जूनची बातमी वाचून कोणी 'सिक्का जूनपासून' असे लिहिले, तर शिबुलाल यांच्या कारकिर्दीतले दीड महिने परस्पर कापले जातात.

म्हणून पाया वार्षिक अहवालाचा घ्यावा. अलीकडच्या अहवालापासून एकेक वर्ष मागे जावे आणि संचालक मंडळाच्या अहवालात संचालक व प्रमुख अधिकाऱ्यांमधले बदल जिथे दिलेले असतात, तेवढा भाग नीट वाचावा. अहवालाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असते, पण त्यावर सह्या होतात त्यानंतर. त्यामुळे सहीखालचे नाव पाहून वर्षभर तोच माणूस होता असे समजू नये.

2017-18 हे वर्ष तर नमुनेदार आहे. सिक्का यांनी 18 ऑगस्ट 2017 रोजी पद सोडले, पण ते लगेच बाहेर पडले नाहीत. त्यांना कार्यकारी उपाध्यक्ष केले गेले आणि 24 ऑगस्टला ते संचालक मंडळातूनही गेले. म्हणजे 'कंपनी सोडली' ही तारीख धरली तर त्यांचा कार्यकाळ सहा दिवसांनी वाढतो. मधल्या काळात प्रवीण राव हंगामी मुख्य अधिकारी होते. सलील पारेख यांचे नाव 2 डिसेंबरला जाहीर झाले आणि ते रुजू झाले 2 जानेवारी 2018 रोजी. एका आर्थिक वर्षात तीन माणसे! सुटसुटीत याद्यांत राव हमखास गळतात. माझ्या मते 'हंगामी' असा शेरा मारून त्यांना ठेवलेच पाहिजे, नाहीतर साडेचार महिने कंपनी निर्नायकी होती असे दिसते.

अहवालात शंका आली की शेअर बाजाराला दिलेली सूचना काढावी. नोंदणीकृत कंपनीला असा बदल बाजाराला कळवावाच लागतो. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर इन्फोसिसच्या 500209 या क्रमांकाने त्या सूचना शोधता येतात. सूचनेत 'अमुक तारखेपासून लागू' हे शब्द शोधावेत. कागदावरची तारीख फक्त कळवल्याची असते. मागच्या माणसाचा शेवटचा दिवस आणि पुढच्याचा पहिला दिवस लागून आले, की तो सांधा पक्का. मध्ये फट दिसली, तर तिथे एखादा हंगामी माणूस आहे का, हे आधी पाहावे.