आधी दिसेल ते आधी बोला

पनवेल ते पाली या नकाशा-ॲनिमेशनचं पहिलं निवेदन होतं : ‘पालीला जायला खोपोलीच्या अलीकडे, शिळफाट्याला उजवीकडे वळा.’ रेघ अजून पनवेललाच, आणि प्रेक्षक पाली शोधतोय! नवं निवेदन : ‘पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघा. चौक, मग खालापूर. पुढे शिळफाटा, इथे उजवीकडे वळा. हा रस्ता पालीचा.’ गावाचं नाव ठिपका उमटताच यावं, ‘वळा’ मात्र रेघ वळण्याच्या किंचित आधी. उत्तर वर असलेल्या नकाशात हे उजवं वळण पडद्यावर खाली उतरतं, म्हणून तिथे बाण हवाच. शिवाय ‘खोपोलीचा शिळफाटा’ म्हणा. कल्याणकडचा शिळफाटा वेगळा.