स्टॉलवरची तीनशे कार्डं

बेंगळुरूला तुमकुर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात यंत्रोद्योगाचं ‘इमटेक्स’ भरतं. समजा, भोसरीतल्या एका लहान कारखानदाराने तिथे स्टॉल घेतला. तो हायड्रॉलिक फिक्स्चर बनवतो, म्हणजे मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणारी साधनं. जागेचं भाडं, उभारणी, मालवाहतूक, माणसांचं राहणं-खाणं मिळून सहा लाख खर्च झाले आणि तीनशे व्हिजिटिंग कार्डं जमली. एक कार्ड दोन हजारांना पडलं.

पण त्या कार्डांत विद्यार्थी असतात, स्वतःचा माल विकायला फिरणारे असतात, खूप काही नुसतं पाहायला आलेलेही असतात. म्हणून स्टॉलवरच्या माणसाने कार्ड घेतल्याबरोबर त्यामागे चार गोष्टी लिहाव्यात: जॉब कोणता, महिन्याला किती नग, सध्या अडचण काय आणि खरेदीचा निर्णय कोण घेतं. परत आल्यावर हे आठवत नाही. सगळे चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात.

खरी गर्दी प्रदर्शनाआधीच घडवता येते. शंभरेक कारखान्यांच्या उत्पादन प्रमुखांची नावं काढावीत आणि प्रत्येकाला त्याच्याच कामाविषयी पत्र किंवा ईमेल पाठवावं. ‘आमच्या स्टॉलला भेट द्या’ एवढ्याने कोणी येत नाही. ‘तुमच्या पंप बॉडीचं क्लॅम्पिंग कसं करता येईल ते दाखवतो, ड्रॉइंग घेऊन या’ म्हटलं, तर माणूस वेळ काढतो. यादी जुनी असेल तर सगळंच फुकट जातं, कारण या पदांवरची माणसं सतत बदलतात.

मग फोन. तो आठवड्याच्या आत गेला पाहिजे. इथे बहुतेकांची एक चूक होते: फोनवरच माल विकायला जातात. लाखांचं फिक्स्चर फोनवर कोणी घेत नाही. फोनचं काम ड्रॉइंग आणि नमुन्याचा जॉब मागून घेणं, ट्रायलची तारीख ठरवणं, इतकंच. खरेदी विभागाने लगेच ‘कोटेशन पाठवा’ म्हटलं, तर जपून. पुष्कळदा ते ठरलेल्या पुरवठादाराशी भाव करायला हवं असतं. उत्पादन प्रमुख सायकल टाइम आणि रिजेक्शन विचारू लागला, तर गरज खरी आहे.

अनोळखी मोबाइलवर सरसकट विक्रीचे फोन करायला ट्रायच्या 2018च्या नियमांची बंधनं आहेत. स्टॉलवरच ‘फोन केला तर चालेल ना’ असं विचारून टिपून ठेवणं म्हणूनच सोयीचं.

आता हिशेब पुन्हा मांडू. तीनशेपैकी चाळीस जणांकडे खरा जॉब निघाला आणि बारा ड्रॉइंग हातात आली. एक ड्रॉइंग पन्नास हजारांना पडलं. त्यातल्या ऑर्डरी यायला सहा-आठ महिनेही लागतील. पुढच्या वेळी स्टॉल घ्यायचा की नाही, हे कारखानदाराने या बारांवरून ठरवावं.